झेब्रा क्रॉसिंगबाहेर रस्ता ओलांडताना धडक बसली, तर भरपाई किती कापली जाते?

प्रश्न : झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडताना भरधाव मोटरसायकलने मला उडवले. विमा कंपनीचे वकील म्हणतात, चूक तुमचीच, पैसे मिळणार नाहीत. खरे आहे का?

नाही. पादचाऱ्याचाही हलगर्जीपणा अपघाताला कारणीभूत ठरला असेल, तर त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. त्याने दावा बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांच्या दोषाची टक्केवारी ठरवते आणि भरपाईतून फक्त तुमच्या वाट्याची रक्कम वजा करते.

शिवाय नियम मोडणे आणि अपघाताला कारण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात (२०२०) दुचाकीवर तिघे बसले होते. नियमभंग आणि अपघात किंवा इजा यांचा कारणसंबंध दाखवल्याशिवाय तेवढ्यावरून अंशदायी निष्काळजीपणा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तुम्हीही हाच आग्रह धरायला हवा : मी क्रॉसिंगबाहेर होतो म्हणून धडक बसली, की वेगामुळे?

प्रश्न : पण वेग जास्त होता हे महत्त्वाचे कसे ठरते? माणूस मध्ये आला की कोणीही धडकणारच ना?

इथे थोडे गणित करावे लागते. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आणि मोटरसायकलचा वेग ७० धरू. पादचारी ३५ मीटरवरून दिसला. धोका ओळखून ब्रेक दाबायला साधारण दीड सेकंद लागतो. ४० च्या वेगात तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर जाते आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, आणखी सुमारे १० मीटरांत थांबते. म्हणजे पादचाऱ्याच्या आठ मीटर अलीकडेच. ७० च्या वेगात मात्र ब्रेक लागेपर्यंतच २९ मीटर संपतात. उरलेल्या सहा मीटरांत वेग फारसा उतरत नाही आणि धडक साठच्या वरच्या वेगाने बसते. इथे वेग मर्यादेत असता तर अपघातच झाला नसता, म्हणून मोठा दोष चालकाचा.

याउलट, उभ्या बसच्या आडून माणूस अचानक दहा मीटरवर पुढे आला, तर ४० च्या वेगातही गाडी थांबत नाही. मग पादचाऱ्याचा वाटा वाढतो. त्यामुळे दृश्यता, दिवस की रात्र, जवळ क्रॉसिंग होते का आणि तुम्ही चालत होता की धावत, हे तपशील जबाबात नीट आले पाहिजेत. क्रॉसिंग जवळपास नसेल तर ते आवर्जून नोंदवा.

प्रश्न : रक्कम प्रत्यक्ष कशी निघते? वय ४२, शिवणकामातून महिन्याला १८,००० मिळत होते. पाय मोडला.

कायमचे अपंगत्व तुमच्या कामाच्या दृष्टीने २० टक्के ठरले असे धरू. प्रमाणपत्रातला आकडा जसाच्या तसा लावत नाहीत. शिलाई मशीन पायाने चालवणाऱ्याचे पायाच्या दुखापतीने होणारे नुकसान जास्त असू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या साक्षीत हे यायला हवे.

स्वयंरोजगार आणि ४० ते ५० वय, म्हणून उत्पन्नातली भावी वाढ २५ टक्के धरतात. मासिक २२,५०० झाले, वर्षाला २,७०,०००. वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. ४१ ते ४५ वयाला तो १४, म्हणून ३७,८०,०००, आणि त्याचे २० टक्के ७,५६,०००. त्यात दवाखान्याची बिले १,८०,०००, चार महिने बुडालेली कमाई ७२,००० आणि वेदना व इतर त्रासासाठी १,००,००० धरले, तर एकूण ११,०८,०००. तुमचा दोष २५ टक्के ठरला तर २,७७,००० वजा होऊन ८,३१,००० मिळतील. कपात औषधोपचाराच्या खर्चासह सगळ्या रकमेवर होते. म्हणूनच २५ च्या जागी १० टक्के ठरवून घेण्यासाठी झगडणे मोलाचे आहे. इथे तेवढ्याने १,६६,२०० रुपयांचा फरक पडतो.

प्रश्न : माझा दोष नव्हता हे मी सिद्ध करायचे का?

चालकाचा हलगर्जीपणा तुम्ही दाखवायचा. तुमचाही होता असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. विमा कंपनी लेखी जबाबात आरोप करते, पण मोटरसायकलस्वाराला साक्षीला आणत नाही, असे अनेकदा घडते. तेव्हा तुमच्या वकिलांनी नेमके यावर बोट ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या जिजू कुरुविला प्रकरणानुसार (२०१३) अपघातानंतर वाहने कुठे पडली होती, एवढ्यावरून निष्काळजीपणाचा भक्कम पुरावा मिळत नाही. मात्र घटनास्थळ पंचनाम्यातली टायर घासल्याच्या खुणांची लांबी वेगाचा अंदाज देते. ती मोजलेली आहे का, हे प्रत मिळताच तपासा. आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती दुकानदाराला आणि पोलिसांना लगेच द्या.

प्रश्न : दोषाचा वाद टाळून काही मिळू शकते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात, कोणाचा दोष हे सिद्ध न करता. पण कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, ती रक्कम स्वीकारली तर कलम १६६ चा, म्हणजे न्यायाधिकरणापुढचा वर सांगितलेला भरपाईचा दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणात २५ टक्के कपात सोसूनही ८,३१,००० हाती येत असताना अडीच लाखांवर सही करणे तोट्याचे आहे. कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा असे कायदा सांगतो, म्हणून उपचार चालू असले तरी अर्ज आधी दाखल करा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडा.