रेझ्युमेच्या समरीत जाहिरातीतले कीवर्ड कसे बसवायचे?

प्रश्न: उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पुण्याला ऑनलाइन अर्ज करतोय. जाहिरातीतले कीवर्ड समरीत कसे घालू?

उत्तर: आधी जाहिरातीत पदाचं नाव काय आहे आणि कोणते शब्द दोनदा आलेत ते बघा. समजा ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’, ‘कास्टिंग डिफेक्ट ॲनालिसिस’ आणि ‘सीएमएम’ आहेत. तुम्ही ‘क्यूसीमध्ये काम, मेहनती’ असं लिहिलं असेल, तर एचआरवाला अर्ज छाननीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सीएमएम’ शोधतो तेव्हा तुम्ही सापडतच नाही. त्यापेक्षा असं लिहा (अर्थात इंग्रजीत, जाहिरातीतल्याच स्पेलिंगने):

‘क्वालिटी इन्स्पेक्टर, ग्रे आयर्न फाउंड्रीत ४ वर्षं. ब्लोहोल, श्रिंकेजचं कास्टिंग डिफेक्ट ॲनालिसिस. कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन, म्हणजेच सीएमएमवर तपासणी.’

पूर्ण नाव आणि लघुरूप दोन्ही एकेकदा यावं, कारण काही सॉफ्टवेअर एकावरून दुसरं ओळखत नाहीत. तेच शब्द खाली कामाच्या तपशिलातही दिसू देत. सीएमएमला हात लावला नसेल तर तो शब्द गाळा, मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची युक्ती तर नकोच; मजकूर वाचताना ते उघडे पडतात.

समरी टेक्स्ट बॉक्स किंवा हेडरमध्ये ठेवू नका, तिथला मजकूर कधीकधी वाचलाच जात नाही. पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी गायब किंवा उलटसुलट झाल्या, तर रेझ्युमेच्या साच्यात गडबड आहे.