पत्रिकेवरून सांगितलेली बढती झाली नाही

प्रश्न : "सोलापुरातल्या एका लिपिकाला शुक्रात राहू लागला की बढती, असं सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२३ उलटून गेला, काहीच नाही. गृहस्थ भडकलेत, लेखी उत्तर मागतायत. काय लिहू?"

आधी तुमच्या सॉफ्टवेअरचा अयनांश बघा, मग पेन उचला. पत्रिकेचा जन्म मार्च १९८५, चंद्र पुष्यात, चित्रापक्षाने कर्केत १० अंशांवर आहे असं धरू. म्हणजे अर्धं पुष्य ओलांडलं, शनीच्या १९ वर्षांपैकी साडेनऊ उरली. त्यापुढे बुध, केतू, मग शुक्र मोजत गेलात की शुक्रात राहू लागतो नोव्हेंबर २०२५ मध्ये. हीच पत्रिका रमण अयनांशावर टाका, चंद्र दीडेक अंश पुढे सरकतो, शिल्लक दशा दोन वर्षांनी घटते आणि तोच राहू ऑक्टोबर २०२३ ला येतो. तुमची तारीख कुठून आली ते कळलं ना?

ओळखायचं कसं? १९८५ च्या जन्माला चित्रापक्ष अयनांश साधारण २३ अंश ३९ कला येतो, रमण २२ अंश १२ कला. पण काही संगणक-पत्रिका केंद्रं छापील पत्रिकेवर हा आकडाच देत नाहीत. विचारलं तर "मशीनमधून जे आलं ते आलं" म्हणतात. पैसे मात्र रोख घेतात! असो.

जन्मवेळेवर खापर फोडू नका. पुष्यात एका मिनिटाच्या चुकीने दशा पाचेक दिवसच हलते, दहा मिनिटं चुकली तरी दीड-दोन महिने. तरी वेळ तपासायचीच असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मागा. जन्मदाखल्यावर वेळ सहसा नसतेच.

पत्रात एवढं लिहा :

"सप्रेम नमस्कार. मी दिलेली तारीख रमण अयनांशावरची होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चित्रापक्षाने तोच काळ दोन वर्षं पुढे जातो. पण त्या काळातही बढती होईल असं मी म्हणत नाही. कामात बदल एवढाच माझा अंदाज; तो बदली किंवा अतिरिक्त कार्यभारही असू शकतो. बढतीसाठी ज्येष्ठता यादीतला तुमचा क्रमांक, बिंदूनामावली आणि वरची रिक्त पदं आस्थापना शाखेत पाहून घ्या. दक्षिणा परत करतो आहे."

"नोव्हेंबर २०२५ ला नक्की" हे वाक्य चुकूनही नको. नवी तारीख दिलीत की तीच तक्रार पुन्हा दारात. पुष्कराज, शांती यातलंही काही सुचवू नका, चिडलेल्या माणसाला ते विक्रीच वाटतं आणि त्यात त्याची चूक नाही. दक्षिणा परत करण्याबद्दल इथल्या काहींचं मत वेगळं आहे, माझं हे असं आहे. आणि चंद्र नक्षत्राच्या शेवटच्या दीड अंशात असेल तर वरचा हिशोब लागू नाही. तिथे अयनांश बदलला की नक्षत्रच बदलतं आणि पहिली महादशाही दुसरी येते.