हिलिक क्रोमॅटोग्राफीत पीक सरकतायत? आधी कॉलमला वेळ दे

प्रत्येक इंजेक्शनला पीक थोडे आधी येतायत, म्हणजे ग्रेडियंटनंतर कणांवरचा पाण्याचा थर पूर्ववत होण्याआधीच तू पुढचा नमुना सोडतोयस. २.१ × १०० मिमी कॉलममध्ये द्रव मावतो साधारण ०.२ मिली. त्याच्या २० पट, म्हणजे ४ मिली, सुरुवातीचा मोबाइल फेज जाऊ दे, ०.४ मिली प्रति मिनिट प्रवाहाला १० मिनिटं. दर वेळी तेवढीच, हे फार महत्त्वाचं.

वेळ स्थिर, पण सुरुवातीचे पीक दुभंगलेले असतील, तर नमुन्याचा द्रावक तपास. इथे पाणीच सर्वांत तीव्र. ॲसिटोनायट्राइल ७५-८० टक्के ठेव. नमुन्यातल्या शर्करा न विरघळता खाली बसत असतील, तर पाणी वाढव आणि इंजेक्शन १ मायक्रोलिटरवर आण.

पीक दिवसभर हळूहळू सरकत असतील, तर मोबाइल फेजच्या बाटलीचं झाकण बघ. ॲसिटोनायट्राइल उडून पाण्याचं प्रमाण वाढतं.