विहीणबाईंचे पहिले ‘नको’

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. सांगलीचे वधूपक्ष, डोंबिवलीचे वरपक्ष आणि दोघांना जोडणारा लग्नाचा व्हॉट्सॲप ग्रुप ही मांडणी उत्तम आहे. पण मुलाच्या आत्याने कथेचा घात केला आहे. ती मुद्दाम टोमणे मारते आणि समोरच्यांना ते टोमणेच वाटतात. म्हणजे कोणाचाही गैरसमज झालेला नाही, सगळ्यांना सगळे नीट कळलेले आहे. अशा आत्या घरोघरी असतात हे मला मान्य आहे, तरीही तिला या कथेतून काढ. येथे प्रत्येक मेसेज मनापासून लिहिलेला असला पाहिजे, आणि तो वाचणाऱ्याने काढलेला उलटा अर्थही त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे बरोबरच असला पाहिजे.

तुझ्या खर्ड्यात याचे बीज आहे, पण तू ते एका ओळीत संपवले आहेस. वरमाय लिहितात, “मानपानाच्या साड्या कृपया नकोत. आमच्याकडे तशी पद्धत नाही.” त्यांना खरोखरच साड्या नको आहेत, कपाटात जागा नाही आणि आपल्यामुळे मुलीकडच्यांना खर्चात पडावे लागू नये, एवढेच त्यांच्या मनात आहे. परंतु मुलीच्या आईच्या माहेरी पहिले ‘नको’ हे नकार म्हणून कोणी घेतच नाही. पाहुणा दोनदा नको म्हणतो, यजमान तिसऱ्यांदा आग्रह करतो आणि मग ताटात जिलबी पडते. म्हणून त्या रीतीला धरून उत्तर देतात, “असे कसे? आमच्या हौसेचे आहे, आपण नाही म्हणू नये.” त्यांनी पाच साड्या ठरवलेल्या असतात, ‘नको’ वाचल्यावर पाच कमी वाटल्या असाव्यात असे समजून त्या अकरा घेतात.

हाच आग्रह समोरासमोर झाला असता, तर चेहऱ्यावरून आणि आवाजावरून खरे ‘नको’ ओळखता आले असते. ग्रुपवर मात्र पहिलेच ‘नको’ तारीख-वेळेसह नोंदले जाते, दोन्हीकडचे काका-मावश्या ते पुन्हा वर जाऊन वाचतात, आणि आता माघार घेतली तर शब्द फिरवल्यासारखे दिसेल अशी भीती दोघींनाही वाटते. डोंबिवलीत त्या आग्रहाचा अर्थ असा लागतो की, आपल्या शब्दाला किंमत नाही आणि आपल्याला भिडेत अडकवले जात आहे. त्यामुळे मुलाचे वडील नम्रपणे कळवतात, “आपला आग्रह आहे, तर आमच्याकडूनही तेवढाच आहेर होईल.” त्यांच्या दृष्टीने ही बरोबरीची वागणूक झाली, पण सांगलीला तो हिशेब चुकता केल्यासारखा वाटतो. कोणालाही नको असलेल्या बावीस साड्या खरेदी होतात आणि प्रत्येक मेसेज आधीच्यापेक्षा अधिक सभ्य होत जातो. तुझ्या कथेची चढण हीच आहे. भाषा जितकी अदबीची होईल, तितके अंतर वाढू दे. सुरुवातीचे ‘ताई’ तिसऱ्या दिवशी ‘आदरणीय विहीणबाई’ झाले, तर वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.

निळ्या खुणांच्या प्रसंगात एक तपशील सुधार. ग्रुपमधल्या प्रत्येकाने मेसेज वाचल्याखेरीज त्या दोन खुणा निळ्या होत नाहीत. तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलेल्या सीमांतपूजनाच्या वेळेवर दोन दिवस खुणा राखाडीच राहिल्या, तर त्याचे कारण मुलाच्या आजीने ग्रुप उघडलेलाच नाही, एवढेच असू शकते. मेसेजची माहिती उघडली असती तर कोणी वाचला आणि कोणी नाही हे दिसले असते. पण त्यांना ती सोय ठाऊक नाही आणि विचारायला संकोच वाटतो. मुलीला ठाऊक आहे, पण तिला कोणी विचारत नाही. बाकीच्यांनी मेसेज वाचूनही उत्तर का दिले नाही, याचे कारणही साधे ठेव: सून येणार म्हणून घरात रंगकाम चालू आहे आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने कळवले असेल.

शेवटी नवरा-नवरी सर्वांना बसवून जे समजावतात, ते भाषण मात्र पूर्ण काढून टाक. त्याऐवजी वरमायेला कोणत्या तरी क्षुल्लक कामासाठी फोन करावा लागू दे, उदाहरणार्थ सीमांतपूजनाच्या रात्री उपवासाचे किती जण आहेत हे विचारण्यासाठी. साड्यांचा विषय दोघींपैकी कोणीही काढू नये. साबुदाण्याचे प्रमाण ठरता ठरता बोलणे लांबावे, एकीने चुकून ‘अहो ताई’ म्हणावे, आणि त्याच वेळी ग्रुपवर मुलाच्या वडिलांचा आणखी एक अतिशय नम्र मेसेज येऊन पडावा.

आत्या गेल्यावर दोन पाने मोकळी होतील. ती साड्यांच्या दुकानातल्या प्रसंगाला दे. अकरा साड्या निवडताना मुलीची आई विहीणबाईंच्या आवडीचा रंग ग्रुपमधल्या फोटोंवरून शोधते आहे, एवढे सविस्तर आले की पुढचा खर्डा पाठव.

तुझा शुभचिंतक