फेब्रुवारीतल्या एका बिलाने कर शून्यावरून ७८ हजारांवर: पैसे बाजूला कसे काढायचे?

प्रश्न: नाशिकमध्ये इंटिरिअर डिझाइनचं काम करते, फक्त डिझाइनची फी घेते. जीएसटी नोंदणी आहे. कधी एकदम सात लाख येतात, कधी तीन महिने काहीच नाही. अ‍ॅडव्हान्स टॅक्स, जीएसटी, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं नेमकं कोरड्या महिन्यात येतं. प्रत्येक बिलातले ३० टक्के बाजूला ठेवू का?

उत्तर: ताई, ३० टक्के ठेवलेत तर स्वतःचेच पैसे विनाकारण अडकवून बसाल. मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि साइट व्हिजिटच्या पेट्रोलला क्रेडिट कार्ड वापरत होतो.

इंटिरिअर डेकोरेशन आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाच्या यादीत आहे. म्हणजे जमा झालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. (फर्निचरसकट पूर्ण काम घेत असाल तर गणित वेगळं, ते सीएंना विचारा.) यात अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते नाहीत. सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो.

आता खरी मेख. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. दुसरं उत्पन्न नसेल तर २४ लाख फीपर्यंत तुम्हाला काहीच भरायचं नाही. समजा एप्रिलमध्ये ४ लाख आले, ऑगस्टमध्ये दिवाळीआधीच्या गर्दीचे ७, ऑक्टोबरमध्ये ९. बेरीज २० लाख, तुम्ही निवांत. मग फेब्रुवारीत पाथर्डी फाट्याच्या बिल्डरकडून ६ लाखांचं बिल सुटतं. फी २६ लाख, उत्पन्न १३ लाख. कर ७५,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ७८,०००. एका बिलाने शून्याचे अठ्ठ्याहत्तर हजार झाले, आणि हातात उरला महिनाभर.

म्हणून मी ‘यंदाची बेरीज’ फळ्यावर लिहून ठेवतो आणि प्रत्येक जमेतले ४ टक्के वेगळ्या बचत खात्यात टाकतो. वरच्या उदाहरणात ऑक्टोबरपर्यंत तिथे ८०,००० असतील, झटका बसला तरी पुरे. २४ लाख ओलांडल्यावर पुढच्या जमेवर ८ टक्के. कारण त्या पट्ट्यात दर १५ टक्के, तोही निम्म्या रकमेवर, अधिक सेस. वर्ष २४ लाखांच्या आत संपलं तर ती रक्कम पुढच्या वर्षाची सुरुवात.

बिल्डर १० टक्के टीडीएस कापतो, तेव्हा त्या जमेतून काही काढू नका. सहा लाखांवर ६०,००० आधीच गेलेले असतात, त्यामुळे भरायचे उरतात १८,०००. मात्र टीडीएस वजा करून १०,००० किंवा जास्त उरत असेल तरच अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो. फेब्रुवारीची कपात १५ मार्चला तुमच्या 26AS या कर-पत्रकात दिसेलच असं नाही, शेवटच्या तिमाहीचं विवरण मेअखेरपर्यंत भरलं जातं. तोवर बँकेतली जमा बिलाशी ताडून पाहा आणि बिल्डरच्या अकाउंटंटकडून मेलवर होकार घ्या. घरगुती ग्राहक सहसा टीडीएस कापत नाहीत, तिथे ४ टक्के चुकवू नका.

१५ मार्च चुकलाच तर घाबरू नका. महिन्याचं १ टक्का व्याज, १८,००० वर १८० रुपये. ३१ मार्चपर्यंत भरलेलं अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणूनच धरतात. त्यानंतर दरमहा १ टक्का सुरू होतो. व्याजापेक्षा पैसे हाताशी नसणं जास्त महागात पडतं.

जीएसटी मात्र टक्केवारीच्या हिशेबात घालू नका. १८ टक्के तुमचे नाहीतच, जमा झाल्या दिवशी वेगळे काढा. धोका तारखेचा आहे. बिल फाडलंत की कर लागू, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत. ७ लाखांचं बिल ऑगस्टमध्ये दिलंत आणि पैसे नोव्हेंबरात आले, तर १,२६,००० तुमच्या खिशातून जातात. तिमाही पर्याय असेल तर पहिल्या दोन महिन्यांचा भरणा पुढच्या २५ तारखेला, आणि तिमाहीचं विवरण महाराष्ट्रात २२ तारखेला. माझा उपाय साधा आहे: काम टप्प्यांत तोडतो, प्रत्येक टप्प्याचं बिल छोटं ठेवतो आणि आधीच्या टप्प्याचे पैसे आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करत नाही.

फी आणि मेंटेनन्स उलट प्रकारचे. ते उत्पन्न बघत नाहीत, म्हणून इथे टक्केवारी नको, ठरलेली रक्कम हवी. समजा तिमाहीला शाळा १५,०००, मेंटेनन्स ९,०००, विमा ६,०००, एकूण ३०,०००. मोठी जमा आली की आधी पुढच्या दोन तिमाहींचे ६०,००० भरून टाकायचे, त्यानंतरच घरखर्चाला हात लावायचा. जूनअखेरचा व्यवसाय कर २,५०० तिथेच धरा. वडिलांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. माल गेला की ते आधी पुढच्या छाटणीची मजुरी आणि औषधं बाजूला काढतात, मग लग्नकार्याचं बोलणं.

शेवटी एक तपासणी: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यंदाची बेरीज आणि मार्चपर्यंत येणारी बिलं एकत्र मांडा. आकडा २४ लाखांच्या आसपास दिसला तर लगेच सीएंना फोन करा, १४ मार्चची वाट बघू नका.