‘अनलिंक’ दाबण्याआधी यादीतलं ते नाव बघा

प्रश्न : वकीलसाहेब, मुलगा तीन वर्षं कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम खेळायचा. २०२४ च्या दिवाळी पाडव्याला कन्सोल घेतला. त्यावर गेम उघडला तर सगळं पहिल्यापासून सुरू. वेबसाइटवरून जोडायला गेलो तर ‘हे प्रोफाइल आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे’ असं येतं. आता एकाच नावाची दोन खाती दिसतात, लेव्हल आणि सामान कुठल्या लॉगिनमध्ये आहे तेच कळत नाही. दोन्हींत मिळून पंचवीस हजार तरी गेलेत. कंपनी दाद देत नाही. `Unlink` करून बघू की सरळ केस टाकू? सोबत चार स्क्रीनशॉट जोडलेत. – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी `Unlink` वरचं बोट काढा. मग बाकीचं बोलू.

अशी पत्रं महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येकात पालक नाव बघून खातं ओळखायला जातात. खेळात दिसणारं नाव ही नुसती पाटी असते, ती दोन दुकानांवर एकसारखी लावता येते. खातं ओळखायचं ते कंपनीने आतून दिलेल्या क्रमांकावरून. सेटिंगमध्ये `Account ID` म्हणून तो सापडतो. एपिक गेम्सच्या खात्यात तो ३२ अक्षरांचा असतो, इतर ठिकाणी लांबी वेगळी. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये नाव अगदी एकच आहे, पण क्रमांकाचा शेवट एकात `7c1e` आहे आणि दुसऱ्यात `a94b`. म्हणजे खाती दोन, यात वाद नाही.

चिरंजीवांकडून हे असं झालं. कन्सोलवर गेमने पहिल्यांदाच विचारलं असणार की आधीच्या खात्यात लॉगिन करायचं की तसंच पुढे जायचं. पोराने तसंच पुढे जायचं निवडलं. त्या क्षणी कंपनीने कन्सोलच्या प्रोफाइलच्या आधारावर एक नवं खातं तयार केलं, ज्याला ना ईमेल, ना पासवर्ड. अशा खात्याची किल्ली म्हणजे फक्त ते कन्सोलचं प्रोफाइल. तुमची कॉम्प्युटरवरची तीन वर्षं कुठेही गेलेली नाहीत, ती जुन्या ईमेलच्या खात्यातच आहेत. दुसऱ्या स्क्रीनशॉटवर मित्रांची यादी भरलेली आहे, तिसऱ्यावर ती रिकामी आहे. पुरावा हवा तर तोच.

तरी खात्री करून घ्या. ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीत कंपनीच्या वेबसाइटवर एकेका बटणाने लॉगिन करा : एकदा ईमेल-पासवर्डने, एकदा गूगलने, एकदा कन्सोलच्या प्रोफाइलने. प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर पडा आणि खिडकी बंद करा, नाहीतर ब्राउझर आधीचंच लॉगिन धरून ठेवतो आणि तुम्ही एकच खातं तीनदा बघता. दर वेळी वहीत चार गोष्टी लिहा : क्रमांकाची शेवटची अक्षरं, जोडलेल्या प्रोफाइलची यादी, खरेदीची यादी आणि खातं उघडल्याची तारीख. पोराला लिहायला लावा, त्याचंच काम आहे. एक सावधगिरी : काही खेळांत विकत घेतलेली नाणी ज्या यंत्रावर घेतली तिथेच दिसतात. कन्सोलवर घेतलेली नाणी कॉम्प्युटरवर दिसली नाहीत म्हणजे खातं वेगळं, असं समजू नका. क्रमांक बघा.

तुम्ही पाठवलेल्या पावत्या मी लावून पाहिल्या. जुन्या खात्यावर, म्हणजे `7c1e` वर, १८,६०० रुपये. नव्यावर, `a94b` वर, ६,१५० रुपये. एकूण २४,७५०. नवी खरेदी पाडव्यानंतरची, म्हणजे खातं चुकीचं आहे हे कळल्यावरही त्यात पैसे घातलेत. का, ते मी विचारत नाही.

आता `Unlink`. नव्या खात्याला ईमेल नाही. कन्सोलचं प्रोफाइल सोडवलंत की त्या खात्यात शिरायला दारच उरत नाही आणि ६,१५० रुपये आत अडकतात. म्हणून आधी त्या नव्या खात्याला स्वतःचा ईमेल आणि पासवर्ड द्या. जुन्या खात्याचा ईमेल तिथे चालणार नाही, दुसरा लागेल. त्याची खातरजमा पूर्ण झाली, त्या ईमेलने कॉम्प्युटरवरून आत जाता आलं, की मगच सोडवण्याचा विचार. तोही लगेच नाही. कारण खरी गोम तुमच्या चौथ्या स्क्रीनशॉटमध्ये आहे आणि तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

जुन्या खात्याच्या जोडलेल्या प्रोफाइलच्या यादीत, त्याच कंपनीच्या कन्सोलच्या चिन्हासमोर, हिरवी खूण आहे आणि नाव भलत्याच कुणाचं आहे. तुम्हाला फोन केला तेव्हा कळलं की २०२३ च्या मे महिन्यात पोरगं इचलकरंजीला मामाकडे होतं आणि मामेभावाच्या कन्सोलवर आपलं खातं जोडून खेळलं होतं. सगळं प्रकरण त्या सुट्टीत अडकलंय. पाडव्याची चूक त्यामानाने किरकोळ.

काही गेम कंपन्यांच्या अटींत एक कलम असतं : एका खात्याला एका प्रकारचं एकच कन्सोल प्रोफाइल जोडता येईल आणि ते सोडवलं तरी त्याच प्रकारचं दुसरं प्रोफाइल त्या खात्याला जोडता येणार नाही. तुमच्या गेमच्या अटींत हे शब्द आहेत का, तेवढंच शोधा. बाकीची चाळीस पानं नाही वाचली तरी चालेल. कलम असेल, तर मामेभावाचं प्रोफाइल काढूनही तुमच्या मुलाचं प्रोफाइल जुन्या खात्याला बसणार नाही, आणि तुम्ही दोन्हीकडून `Unlink` दाबून बसलात तर दोन्हीकडून जाल. कलम नसेल, तर दोन्ही सोडवून हवं ते जोडणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तुम्हाला वकिलाची गरज नाही.

दोन खात्यांतली प्रगती एकत्र करा, ही मागणी करू नका. एपिकने तशी सोय काही काळ दिली होती, ती मे २०१९ मध्ये बंद झाली. कुठलाही ग्राहक आयोग कंपनीला तसं करायला लावील, असं मला वाटत नाही. मागायचं ते एवढंच : जुन्या खात्यावरचं मामेभावाचं प्रोफाइल काढून, अपवाद म्हणून, मुलाचं प्रोफाइल जोडून द्यावं. अर्जात दोन्ही क्रमांक पूर्ण लिहा, दोन्ही पावत्या जोडा आणि मामेभावाच्या पालकांचं ‘आमची हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्र लावा. हे पत्र मी मुद्दाम सांगतोय. खातं विकणाऱ्या लोकांमुळे कंपन्या अशा अर्जांकडे संशयाने बघतात.

अर्ज ग्राहक सेवेच्या गप्पांच्या खिडकीत नको, तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल द्यायचा. हे नियम भारतात पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. प्रत्यक्षात पोच यंत्राने येते आणि निकाल येईलच असं नाही, पण ती तारीख पुढे कामी येते.

आणि तारखेवरूनच तुमच्यावर चिडावंसं वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाडवा होता २ नोव्हेंबर २०२४ ला. कंपनीने नकार दिला ती तारीख धरा, असा युक्तिवाद मी करीन, पण त्यावर तुम्ही विसंबू नका. ३१ ऑक्टोबर २०२६ पूर्वी तक्रार दाखल झालीच पाहिजे. दर महिन्याला कंपनीला ईमेल पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. ‘त्यांचं उत्तर यायचं होतं’ म्हणून दोन वर्षं उलटलेली माणसं माझ्याकडे येतात. आयोग पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करू शकतो, पण ‘दहावीची परीक्षा होती’ हे कारण मला तरी मांडवणार नाही.

दावा कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. तुम्ही इथे राहता, तेवढं पुरतं. अटींत परदेशातल्या कोर्टाचं किंवा लवादाचं नाव असलं तरी घाबरू नका. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून टाकता येतो. सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून लोक कुठलंही भांडण तिथेच न्यायला निघतात, त्याचा इथे संबंध नाही. मांडणी ‘सेवेतील त्रुटी’ अशी करा : जोडताना ‘हे पुन्हा बदलता येणार नाही’ ही सूचना ठळक दाखवली नव्हती, हा मुद्दा. ‘अट अन्यायकारक आहे’ असं मुख्य म्हणणं ठेवलंत तर ते राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातं आणि इथे पहिल्या तारखेलाच अडाल. सूचना ठळक असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी आहे. जोडण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, पान नंतर बदलतं.

मुलगा तेव्हा १४ वर्षांचा, म्हणून करारच रद्दबातल, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. अज्ञान मुलाचा करार मुळातच शून्य, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून ठरलेलं आहे, खरं. पण करार शून्य झाला तर ती अट जाते तसा जुन्या खात्यावरचा तुमचा हक्कही जातो. शिवाय पोराने जन्मसाल २००० टाकलंय. कंपनीने ते पकडलं तर खातंच बंद करील. पैसे तुमच्या कार्डावरून गेलेत, तक्रारदार तुम्हीच व्हा आणि वयाचा विषय तुमच्याकडून काढू नका. तिकडून निघाला तर खोटं बोलू नका.

कायद्याप्रमाणे समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागायला हवा. मी वर्षाच्या आत लागेल असंही सांगणार नाही. हातात काय पडेल? पावत्यांचे २४,७५० किंवा त्यातला काही भाग, थोडी नुकसानभरपाई आणि खर्च. तीन वर्षांच्या लेव्हलचं मोल रुपयांत कसं करायचं, हे मला माहीत असलेल्या कुठल्याच निकालाने नीट सांगितलेलं नाही.

पत्राच्या शेवटी कन्सोल विकून टाकायचं म्हणताय. निदान नव्या खात्याला ईमेल लागेपर्यंत थांबा, आणि विकलात तरी प्रोफाइलचा पासवर्ड गिऱ्हाइकाला देऊ नका. मामेभावालाही.