कोबी सोडला, डाळ सोडली, तरी बाळ रडतंच होतं

"बाळ सहा आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास रडतं, खूप गॅस सोडतं. मी कोबी, फ्लॉवर, सगळ्या डाळी, लसूण आणि तिखट बंद केलंय. आता आणखी काय सोडू?"

हा निरोप ज्या आईचा होता, ती दुसऱ्या दिवशी भेटायला आली तेव्हा मी आधी बाळाकडे नाही, तिच्याकडेच पाहिलं. चेहरा उतरलेला, उठताना चक्कर येत होती, बद्धकोष्ठ झालेलं. काय जेवतेस, असं विचारल्यावर म्हणाली, "भात, दूध आणि उकडलेला बटाटा." हे तीन आठवडे चाललं होतं. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि इथे नेहमीच्या जेवणातलंही निम्मं ताटातून गेलेलं.

सोबत सासूबाई होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता : कोबी खाल्ला की आपल्या पोटात गॅस होतो, मग तोच दुधातून बाळाला जाणार. ऐकायला पटतं, म्हणून मी तो उडवून लावत नाही. पण गॅस होतो कुठे, ते बघायला हवं. कोबीतला चोथा आणि डाळींमधल्या काही साखरा आपल्याला पचवता येत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. तो आईच्या आतड्यात होतो आणि बहुतेक तिथूनच बाहेर पडतो. थोडा रक्तात उतरतो, तो श्वासावाटे निघून जातो. दूध तयार होतं ते आईच्या रक्तातून आलेल्या घटकांपासून, आतड्यातल्या अन्नापासून नाही. न पचलेला चोथा आणि त्या साखरा रक्तात शिरतच नाहीत, मग दुधात येणार कुठून? कोबीने आईचं पोट फुगेल, बाळाचं फुगायला तो मार्ग नाही.

"मग लसणाचा वास दुधाला येतो म्हणतात, ते खोटं का?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. वास आणि चव येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. साधारण दोन तासांनी दुधाला तो वास सगळ्यात जास्त येत होता, आणि त्या वेळी बाळं नेहमीपेक्षा जास्त वेळ स्तनाला लागून राहिली. म्हणजे चव बदलते, पण तेवढ्याने पोट दुखत नाही. तिखटाचंही तसंच. एखाद्या बाळाला एखादी चव नकोशी वाटू शकते, ते थोडं कुरकुरेल. पण त्यासाठी सगळं जेवण अळणी करायची गरज नाही.

एवढं बोलून मी म्हटलं, आता जरा पाजून दाखव. या कामात निम्मं निदान इथेच होतं, तोंडी प्रश्नोत्तरांत नाही.

बाळ लागलं आणि मिनिटभरात पान्हा फुटला. त्याने डोळे मोठे केले, गटागटा गिळायला लागलं, मध्येच ठसका लागला. टकटक असा जिभेचा आवाज येत होता, म्हणजे पकड दर थोड्या वेळाने सुटत होती आणि त्या फटीतून हवा आत जात होती. ओठांच्या कडेने दूध ओघळत होतं. पाच मिनिटं झाली तशी आईने घड्याळ पाहिलं, बाळाला सोडवलं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं. बाळाने मान मागे टाकली, रडलं, मग पुन्हा तेच गटागटा. "दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं द्यायचं असं सांगितलंय," ती म्हणाली.

मी शीबद्दल विचारलं. हिरवट, फेसाळ, फसकन उडणारी, दिवसातून आठ-दहा वेळा. वजन? जन्माला ३ किलो, आता ५.१. आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम. या वयात १५० ते २५० ग्रॅम वाढ झाली तरी छान म्हणतात. आता सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या : दूध भरपूर, पान्हा जोराचा आणि बाजू बदलण्याची घाई.

दूध पिण्याच्या सुरुवातीला पातळ असतं. पीत जाईल तसतशी त्यातली स्निग्धता वाढते. भरलेल्या स्तनावर बाळ थोडाच वेळ राहिलं आणि लगेच दुसरा भरलेला स्तन मिळाला, तर पोट पातळ दुधानेच भरतं. ते पोटातून भराभर पुढे सरकतं, त्यातली दुधाची साखर सगळी पचायला वेळ मिळत नाही, ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. गॅस तिथे होतो, बाळाच्याच आतड्यात, आणि त्याचा आईच्या ताटाशी संबंध नसतो. वरून गिळलेली हवा असतेच. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : रडतानाही बाळ हवा गिळतं. त्यामुळे 'गॅस झाला म्हणून रडतंय' असं जे आपण म्हणतो, ते कितीतरी वेळा उलटं असतं.

आम्ही तीनच बदल केले. पहिला, आईने मागे रेलून बसायचं आणि बाळाला छातीवर पालथं घ्यायचं, म्हणजे दुधाला थोडं वर चढावं लागतं आणि त्याचा वेग कमी होतो. पान्ह्याची पहिली जोराची धार आली की बाळाला क्षणभर सोडवून ती कापडावर जाऊ द्यायची. दुसरा, घड्याळ बाजूला. एकाच बाजूला पाजायचं, बाळ स्वतःहून सोडेपर्यंत, आणि मग ढेकर काढून मागेल तरच दुसरी बाजू. दुसरा स्तन फार दाटला तर बरं वाटण्यापुरतंच दूध काढायचं, रिकामा करायचा नाही. रिकामा केला की शरीर आणखी दूध तयार करतं. तिसरा, तिचं जेवण पूर्ववत.

एका बाजूची ही युक्ती ज्यांचं दूध खरंच जास्त आहे त्यांच्यासाठी आहे. बाळाचं वजन नीट वाढत नसेल तर ती करू नये, कारण तिने दूध कमी होतं. आणि स्तनात दुखरी गाठ, लाली किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं.

जेवण पूर्ववत करायला ती तयार नव्हती. "डाळ खाल्ली आणि बाळ रडलं तर माझ्यामुळेच झालं असं वाटेल." म्हणून आम्ही एक छोटी परीक्षा ठरवली. पहिला आठवडा फक्त पाजण्यातले बदल. डाळ-कोबी अजून बंदच. शी पिवळी आणि दाट व्हायला लागली, संध्याकाळचं रडणं तीन तासांवरून दीडएक तासावर आलं. मग पुढचे आठ दिवस ती दुपारी, नवरा कामावर असताना जेवायची : चार दिवस डाळ, कोबी आणि नेहमीचं तिखट, चार दिवस त्यातलं काहीच नाही, मधूनमधून अदलाबदल करून. ती काय जेवली हे त्याला माहीत नाही. संध्याकाळी बाळ किती मिनिटं रडलं ते वहीत लिहायचं काम त्याचं.

वही घेऊन दोघं आले. डाळ-कोबीचे चार दिवस : ९५, ६०, ११०, ७० मिनिटं. साधे चार दिवस : ८०, १०५, ६५, ९०. नवऱ्याने 'आज नक्की काहीतरी खाल्लंय' असं ज्या दिवसापुढे लिहिलं होतं, त्या दिवशी तिने भात आणि बटाटाच खाल्ला होता. एका घरातला आठ दिवसांचा हिशोब काही शास्त्रीय पुरावा होत नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. पण तिच्या मनातली भीती माझ्या बोलण्याने गेली नव्हती, ती वहीतल्या त्या ओळीने गेली.

सासूबाईंनी तेव्हा त्यांचा अनुभव सांगितला : "मी सगळं पथ्य पाळलं होतं, तिसऱ्या महिन्यात मुलगा एकदम शांत झाला." खरं असणार. बाळांचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या-आठव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप उतरतं. आई काहीही जेवो. पथ्य नेमकं चढाच्या वेळी सुरू होतं, रडणं वाढेल तसा एकेक पदार्थ कमी होतो, आणि उतार लागला की शेवटी जो पदार्थ सोडला त्याच्या नावावर श्रेय जमा. या बाळाच्या बाबतीतही पुढच्या सुधारणेत वयाचा वाटा असणारच, फक्त पाजण्याची पद्धत बदलली म्हणून झालं असं मी म्हणणार नाही.

आईच्या खाण्याने बाळाला खरंच त्रास होतो, अशी बाळंही मी पाहिली आहेत. पण तिथे कोबी किंवा डाळीतला गॅस हे कारण नसतं. कारण असतं प्रथिन, आणि बहुतेक वेळा गाईच्या दुधाचं. त्याचे सूक्ष्म अंश आईच्या दुधात उतरतात आणि मोजक्या बाळांना त्याची ॲलर्जी असते. तिथे नुसता गॅस नसतो : शीमध्ये रक्ताचे धागे किंवा सतत शेंबडासारखा चिकटपणा, अंगावर चट्टे, पुन्हा पुन्हा उलट्या, वजन न वाढणं, यांतलं काहीतरी सोबत असतं. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईने दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून बघतात. इथे आठ दिवसांची अदलाबदल चालत नाही, आतड्याची सूज उतरायला वेळ लागतो. फरक पडला तरी काम संपत नाही. दूध पुन्हा सुरू करून त्रास परत येतो का हे बघायचंच, नाहीतर आई वर्षभर विनाकारण दुधाशिवाय राहते. गंमत म्हणजे आमच्या या आईने 'साधं' म्हणून जे ठेवलं होतं त्यात दूध होतं, आणि सोडली होती ती डाळ. तिच्या बाळाला ॲलर्जीची एकही खूण नव्हती, म्हणून दुधालाही हात लावला नाही.

हिरवी उलटी, टणक फुगलेलं पोट, पिणं सोडणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर मात्र पथ्याची चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजनाच्या निमित्ताने ते पुन्हा आले तेव्हा बाळ तेरा आठवड्यांचं होतं. वाढीचा वेग आठवड्याला २०० ग्रॅमवर स्थिरावला होता. मी वही मागितली. बाराव्या आठवड्यानंतरची पानं कोरी होती. "लिहायचं राहूनच गेलं," नवरा म्हणाला.